मध्यम पावसाची रेघ

हवेच्या सुरुवातीच्या नोंदी किंचित बदलत संगणकानं वैजापूरच्या उद्याच्या पावसाचा अंदाज पन्नास वेळा काढला होता. वीस वेळा मुसळधार, तीस वेळा कोरडं; आलेखावर प्रत्येक वेळेची एक रेघ. हवामान कार्यालयात मी नवीन होते. मी लिहिलं, ‘मुसळधार पावसाची शक्यता चाळीस टक्के, खात्री कमी.’

“खात्री नाही म्हणायला पगार घेता का?” साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. त्यांनी सरासरी काढून ‘मध्यम पाऊस’ छापला. वैजापूरला पाऊस अक्षरशः कोसळला.

आढावा बैठकीत मी तोच आलेख पडद्यावर लावला. “साहेब, तुमचा मध्यम पाऊस यातली कोणती रेघ सांगते, तेवढं दाखवा.”

ते उठून पडद्याजवळ गेले. वर वीस रेघा, खाली तीस, मधे नुसता पांढरा पडदा. त्यांचा चहा गार होईपर्यंत मी पडद्यावरून आलेख हटवला नाही.