उरलेले चिमटे

"तापल्या इस्त्रीला थांब म्हणू नये," असं दादा सदा म्हणायचे. कोळसा फुलला, इस्त्रीच्या तळाला बोट ओलं करून लावलं आणि चर्र आवाज आला, की मग समोरचा ढीग संपेपर्यंत माणसानं मान वर करायची नाही. जेवण निवलं तर निवू दे. फुकट गेलेली धग पुन्हा हातात येत नाही. सगळी गल्ली त्यांना दादाच म्हणायची. त्यांनी घडी केलेला सदरा अंगात घालताना माणूस आपसूक ताठ व्हायचा, असं लोक सांगत, आणि ते खोटं नव्हतं.

हे ऐकण्यात जिचं आयुष्य गेलं ती त्यांची बायको. या म्हणीनं आपला नवरा अंथरुणाला खिळवून ठेवला, हे तिला पुढं कळलं. पण कळून उपयोग काय. ज्या म्हणीवर घर उभं राहिलं, तिला नावं ठेवायची तरी कशी?

आधी ताप आला. ताप छातीत उतरला. दवाखान्यात नाकाला नळी लागली, आणि दादा घरी आले तेव्हा अंगावरचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासलं. छाती निवळली होती, रक्त चांगलं होतं. रिपोर्ट बरा झाला, माणूस झाला नाही. दाढी केली की हात गळायचे. आंघोळ करून आले की तसेच ओल्या केसांनी आडवे व्हायचे आणि दिवे लागेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. भेटायला येणारे म्हणायचे, "चेहऱ्यावर तेज आलंय हो." बायको मान हलवायची. तेज येऊन कपडे इस्त्री होत नाहीत, हे येणाऱ्याला कोण सांगणार.

या काळात दुकान धाकट्या दिरानं सांभाळलं. दुकान म्हणजे गल्लीच्या तोंडाशी एक खोली, त्यात जाड घोंगडी अंथरलेलं टेबल, कोळशाची शेगडी आणि कपड्यांचे ढीग. दीर पोटच्या पोरासारखा वाढलेला. त्याचा हात वाईट नव्हता, फक्त घाईचा होता.

दवाखान्यातून व्यायामाच्या बाई घरी यायच्या. पहिल्या दिवशी दादांनी विचारलं, किती चालायचं, किती उठाबशा काढायच्या. बाईंनी उलटच विचारलं, "तुमच्या सगळ्यात वाईट दिवशी काय जमतं?" दादांनी बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, दाढी जमते, पण बसून. "मग तिथून सुरू करायचं," बाई म्हणाल्या. चांगल्या दिवसावरून मोजमाप घ्यायचं नाही. दमल्यावर थांबायचं नाही, दमण्याच्या आधी थांबायचं. या दुखण्याचा हिशेब उधारीचा असतो. आज जास्त केलंत तर दंड आज बसत नाही, उद्या नाहीतर परवा बसतो, आणि व्याजासकट. आंघोळ आणि दाढी एका दिवशी नको. उभं राहून होतं ते बसून करा. ठरलेलं काम काही दिवस ओळीनं त्रास न होता झालं, तरच एका कामात एवढीशी भर. श्वास लागला, छातीत दुखलं, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरकडे.

दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाई गेल्यावर म्हणाले, "म्हणजे जगायचं कसं तेवढं सांगितलं. काम कसं करायचं ते नाही सांगितलं."

बायकोला लिहिणं-वाचणं बेताचं. तिनं आपल्या पद्धतीनं बाईंचं बोलणं घरात आणलं. खिडकीला दोरी बांधली आणि सकाळी तिच्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. ओंजळभरसुद्धा नाही, मोजकेच. आंघोळीचे दोन. दाढीचा एक. कुणी भेटायला आलं आणि गप्पा झाल्या, तर त्याचाही एक. कारण बोलण्यानंही दादा दमायचे. काम झालं की चिमटा काढून डब्यात टाकायचा. दोरी रिकामी झाली की दिवस संपला, मग उन्हं असोत की नसोत.

"देवानं मला चिमट्यात धरलंय, आणि चिमटे बायकोच्या हातात दिलेत," दादा म्हणायचे. हसायचेही. पण दोरीकडे बघताना त्यांची नजर अशी असायची, की बायकोला वाटायचं, आपण नवऱ्याला औषध देत नाही, खुंटीला बांधून ठेवतोय.

तरी चिमट्यांनी काम केलं. संध्याकाळ जरा शिल्लक राहू लागली. एक दिवस बाईंनी विचारलं, हाताला कुठलं काम आवडेल? दादा म्हणाले, रुमाल. घरातली जुनी विजेची हलकी इस्त्री काढली, पलंगाजवळ बैठं टेबल मांडलं आणि दादांनी बसून एक रुमाल इस्त्री केला. एकच. ज्या हातांनी लग्नघरचे गठ्ठेच्या गठ्ठे उरकले, त्या हातांनी एक रुमाल. चार पदरी घडी घालून त्यांनी तो बायकोच्या मांडीवर ठेवला, आणि तिला कौतुक करावं की रडावं ते कळेना. तिनं दोरीवरचा चिमटा काढला. दुसरं काही तिच्या हातात नव्हतं.

पुढं दोन रुमाल झाले. मग उशीचा अभ्रा. मग गल्लीच्या मध्यावर असलेल्या पायरीपर्यंत जाणं, तिथं बसणं आणि परत येणं. पायरीवरून दुकान दिसायचं. दादा बसून बघायचे. दिरानं सदऱ्याची कॉलर मधून टोकाकडे ओढली, की इकडे पायरीवर त्यांची बोटं टोकाकडून मधे सरकायची.

अशात एका संध्याकाळी दीर घरी आला. वहिनीनं पाणी दिलं. त्यानं तांब्या रिकामा केला. शेवटी म्हणाला, की मोठ्या लॉन्ड्रीवाल्यानं त्याला बोलावलंय, वाफेच्या मशीनवर कायमचं काम आहे. महिनाअखेरीला सांगायचं आहे.

"दादा, तुम्ही टेबल घेणार असाल तर मी जातो. घेणार नसाल तर राहतो, पण मग टेबल माझं. आज तुमचं, उद्या माझं, असं माझ्याच्यानं नाही होत."

त्यात लबाडी नव्हती. त्यालाही बायको होती, घर होतं. दादा म्हणाले, "माझं टेबल मी घेतो. तू जा बिनघोर." बायको दोरीकडे बघत राहिली. तिथं एकही चिमटा नव्हता.

आणि मग नेमका चांगला दिवस उगवला. आजाऱ्याचा चांगला दिवस म्हणजे गोड बोलणारा चोर. घरच्यांनाच आधी झोप लागते. दादा उठले ते शीळ घालत. दाढी झाली, तोंड टवटवीत. बायको दुपारी किराणा आणायला गेली, आणि परत आली तर पलंग रिकामा.

दुकानात दादा उभे होते. दीर शेगडीपाशी अवघडून उभा. गल्लीतल्या निवृत्त मास्तरांच्या सदऱ्यांचा ढीग टेबलावर होता, आणि इस्त्री अशी चालली होती जशी ती दुखण्याआधी चालायची. कॉलर, खांदा, बाही, पाठ. पाण्याचा शिडकावा, वाफेचा भपकारा, घडी. दादांच्या कपाळावर घाम होता आणि डोळ्यांत कित्येक महिन्यांत नव्हता तो उजेड.

"अहो, चला आता," ती म्हणाली.

"इस्त्री तापलीय गं. एवढा ढीग."

तिनं हात धरायला हवा होता. पण त्या उजेडावर फुंकर घालायला तिचा जीव धजेना. ढीग संपला. दादा चालत घरी आले, पोटभर जेवले आणि म्हणाले, "बघ, काही झालं का?" डब्यातल्या चिमट्यांकडे बघून म्हणाले, "उद्याचे थोडे आज घेतले, एवढंच."

दुसरा दिवसही बरा गेला. तिसऱ्या दिवशी दादांना उठता येईना. ताप नव्हता, छाती साफ होती, डॉक्टर येऊन बघून गेले. फक्त अंगातून कुणी दोरा ओढून घेतल्यासारखं झालं होतं. चमचा जड झाला. उजेड सोसेना, म्हणून खिडकीवर चादर टाकली. बोललेलं सोसेना, म्हणून ती गप्प बसायची. शेजारी बसायची, पाय चेपू का विचारायची. ते मानेनं नको म्हणायचे. चेपलेलंही सोसत नव्हतं. माणसासाठी करण्यासारखं काही उरलं नाही, की बायकोचे हात कसे परके होतात, ते तिला त्या दिवसांत कळलं.

बाई आल्या, रागावल्या नाहीत. मागं जायचं, म्हणाल्या. रुमालाच्याही मागं. दाढीसुद्धा सध्या कुणीतरी करून द्यावी. पुन्हा उभं राहता येईल का, टेबल मिळेल का, असं बायकोनं बाहेर येऊन विचारलं. "पुष्कळांना सुधारणा होते," बाई म्हणाल्या. "यांना किती आणि कधी, ते मला सांगता येणार नाही. सांगितलं तर खोटं होईल."

महिनाअखेर आली. दीर दारात उभा राहिला, आत येईना. दादांनीच त्याला खुणेनं बोलावलं.

"टेबल तुझं," ते हळू म्हणाले. "लॉन्ड्रीवाल्याला नाही म्हणून सांग."

"दादा, थांबूया अजून थोडं."

"तू थांबशील रे. मला थांबायला शिकायचंय." मग दम घेऊन म्हणाले, "कोपऱ्यात एक स्टूल ठेव. जमेल तेव्हा येईन. एक सदरा करीन. तेवढाच."

दीर वहिनीकडे बघून रडला. दादा भिंतीकडे वळले.

दोरीवर पुन्हा चिमटे लागले, आधीपेक्षा कमी. रुमालापर्यंत यायला ऋतू पालटला. मग पायरी आली. आणि एका दुपारी, आंघोळ-दाढी दोन्ही टाळून राखलेले चिमटे घेऊन, दादा पायरीवर बसून, थांबत थांबत दुकानात पोहोचले. बायको मागून चालत होती. स्टूल कोपऱ्यात होतं. मास्तर सदरे घेऊन आले होते, तेही बाकावर बसले आणि नेहमीसारखे म्हणाले, "कॉलर तुमच्या हातची हवी, दादा. याच्या कॉलरीनं मान अवघडते." दीर ओशाळून हसला.

दिरानं कोळसा फुलवून दिला. दादांनी बसून एक सदरा केला. वेळ लागला. घडी जशी व्हायची तशी झाली. मग त्यांचा हात आपोआप दुसऱ्या सदऱ्याकडे गेला. कॉलर पसरली, शिडकावा दिला, टोकाकडून मधे इस्त्री फिरली. दादांच्या डोळ्यांत तो उजेड आला. बायकोनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. बोलावं तर ते हट्टानं सगळा ढीग संपवतील. न बोलावं तर इस्त्रीच त्यांना ओढून नेईल. 

इस्त्री थांबली. दादांनी ती उचलून विटेवर ठेवली. आत कोळसा लालभडक होता. कॉलर कडक, बाकी सदरा चुरगळलेला, तसाच त्यांनी दिराकडे सरकवला.

"दमलात का, दादा?" दिरानं विचारलं.

"नाही," दादा म्हणाले. "म्हणूनच उठतो."

त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला, उतरले आणि चालू लागले. मागं तापलेली इस्त्री होती, आणि त्यांनी वळून बघितलं नाही. बायको लगेच निघाली नाही, कारण तिला बघायचं होतं. पायरीपाशी आल्यावर ते बसले, जरा वेळानं उठले आणि पुढं निघाले. उद्या सकाळी ते उठतील की नाही, हे पाठीवरून कळत नव्हतं. परवाचं तर नाहीच. मास्तर बाकावरून वाकून बघत होते. दिरानं एकदा गल्लीकडे पाहिलं, एकदा विटेवरच्या इस्त्रीकडे. मग त्यानं ती उचलली आणि दादांच्या कॉलरीला धक्का न लावता खांद्यापासून पुढं सुरू केलं.