माझ्या नंबरावरचा रिफंड

नांदेडात मी लोकांची इन्कम टॅक्स रिटर्न भरून देतो. मी वकील नाही, पण इकडे हे काम करणाऱ्याला वकीलसाहेबच म्हणतात आणि मीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. खेड्यापाड्यातल्या लोकांना ई-मेल कुठून असणार? म्हणून बहुतेकांच्या फाइलीत मोबाइल माझा, मेलही माझाच. ओटीपी माझ्याकडे येतो, काम झटपट उरकतं. ही सोय मीच काढली आणि बरीच वर्षं तिचा मला अभिमान होता.

मुखेडच्या निवृत्त नर्सबाई जुलैत आल्या होत्या. व्याजावर कर कापू नका म्हणून बँकेत द्यायचा पंधरा-एच फॉर्म राहून गेला आणि त्यांच्या ठेवीच्या व्याजावर कर कापला गेला. तो परत मिळणार होता. रिटर्न भरलं, पुढं प्रोसेसही झालं. तेवढ्यात त्यांच्या यजमानांचा फोन आला. मी घाईत होतो. "प्रोसेस झालंय, पैसे निघाले," असं सांगून फोन ठेवला.

ऑक्टोबरात बाई पुन्हा आल्या, एसटीनं, तिसऱ्यांदा. आधीच्या दोन्ही वेळी मी पोर्टल उघडून 'प्रोसेस्ड' हा शब्द त्यांना दाखवला होता आणि येतील म्हणून वाटेला लावलं होतं. या वेळी त्या खुर्चीवर बसल्या आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून राहिल्या.

"साहेब, पैशाचं जाऊ द्या. घरात म्हणायलेत, पैसे आले आन् मी भावाला देऊन टाकले. तुम्हीच सांगितलं म्हणं, निघाले म्हणून."

"पासबुक दाखवा ना त्यांना."

"बँक दुसऱ्या बँकेत गेली तवापासून पासबुक छापायचं मशीन बंदच हाय. दोन महिने झाले, घरात धड बोलणं न्हाई."

मला राग आला, आणि कुणावर ते कळेना, म्हणून संगणकावर काढला. प्रोसेस झालं म्हणजे हिशोब मान्य झाला, एवढंच. पैसे खात्यात पडले की नाही ते वेगळ्या पानावर दिसतं. हे मला चांगलं ठाऊक होतं. फक्त ते पान उघडायचा कंटाळा केला होता. आता उघडलं, तर तिथं 'रिफंड फेल' लिहिलेलं. बँकेचं विलीनीकरण झाल्यावर शाखेचा कोड, आयएफएससी, बदलला होता, पोर्टलवर जुनाच राहिला होता. पैसे गेले आणि आल्या पावली परत फिरले.

तसा मेलही आला होता. माझ्याच मेलवर, ऑगस्टात. शेकडो मेलांत दबून पडलेला, न उघडलेला; माझ्या नंबरावर आलेला मेसेजही तसाच. मला खरंच लाज वाटली.

नवा आयएफएससी टाकला. खातं पुन्हा पडताळून यायला दुपार झाली. बाई तोवर बाकावर बसून होत्या, चहाही घेतला नाही. मग रिफंड पुन्हा पाठवायची विनंती भरली. ती पक्की करायला आधारचा ओटीपी लागतो, आणि तो आधारला जोडलेल्या नंबरावरच जातो.

"आधारला नंबर कुणाचा?"

"त्यांचाच."

म्हणजे माझी इथं सुटका नव्हती. मी यजमानांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"ओटीपी आलाय, तो सांगा."

"कशाचा? पैसे तर आले न्हवं का?"

बँकेवर ढकलणं सोपं होतं, तोंडाशी आलंही होतं. समोर बाई माझ्याकडं बघत नव्हत्या, पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या.

"नाही आले," मी म्हणालो. "कधीच आले नाहीत. परत गेल्याचा मेल ऑगस्टातच माझ्याकडं आला होता. मी वाचला नाही. चूक माझी आहे."

पलीकडं कुठंतरी शेळी ओरडली.

"म्हंजे तिनं न्हाई दिले?"

"देणार कुठून? आलेच नाहीत."

मग त्यांनी एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला, सहाही. फोन ठेवताना "तिला म्हणा, पाचची गाडी धर," एवढंच म्हणाले. विनंती गेली.

"आता येतील. दोनतीन आठवडे लागतील," मी म्हणालो. "आणि या वेळी मी स्वतः बघत राहीन."

"नका बघू." बाईंनी पिशवीतून बटणांचा जुना मोबाइल काढला आणि टेबलावर माझ्यापुढं सरकवला. "माझ्या नावापुढं तुमचा नंबर हाय न्हवं? तो काढा. हा टाका."

"कटकट होईल बाई. दरवेळी ओटीपी तुम्हाला येईल."

"येऊ द्या," त्या म्हणाल्या. "माझं काय झालं, ते आधी मला कळू द्या."