दोन स्कूटरींचा विमा

झरीच्या शाळेत शिकवणाऱ्या ताईचा एसटीवरचा भरवसा उडाला होता. परभणीच्या शोरूममधल्या दोन स्कूटरींची किंमत आणि इंजिन जवळपास सारखं होतं, पण तिला आवडलेलीचा विमा बराच महाग होता. मी ग्राहक संघटनेचा कार्यकर्ता; ही लूट आहे, म्हणत मी आवाज चढवला.

"तुझं पत्रक नंतर छाप," ताई म्हणाली आणि तिनं तिथल्या विमा एजंटला कारण विचारलं.

"थर्ड पार्टी, म्हंजी समोरच्याच्या नुकसानीचा विमा, दोन्हीचा सारखाच हाय, मॅडम. फरक आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात हाय. ही लय चोरीला जाती, अन् पडली की दुरुस्ती महाग."

"मग हे आधीच सांगा ना लोकांना!" मी म्हणालो.

ताईनं दुसरी निवडली. त्या स्कूटरच्या विम्याचा दरवर्षीचा हप्ता पगारात बसत होता. सोमवारी ती पहिल्यांदाच घंटेच्या आधी शाळेत पोचली.