साखरपुड्याच्या अंगठीसाठी दुसरीचा हात

साखरपुडा ठरल्यावर खंडाळ्याहून होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला, "हाताचा फोटो पाठव गं. शेजारी दहाचं नाणं ठेव, म्हणजे सोनारांना अंदाज येतो."

माझी बोटं आखूड, पेरं जाड. गावी औंढ्यात भातलावणी करतच मी बी.कॉम. झाले, घरातली पहिली. पदवीचं कौतुक होतं, हाताची मात्र लाज वाटायची. म्हणून चुलतबहिणीच्या लांबसडक बोटांचा फोटो पाठवला. ती हसली, "तुज्या आधी माजाच हात सासरी चाललाय की गं!"

दोन दिवसांनी लोणावळ्याच्या सोनारकाकांनी बोटाचं माप मागवलं. मी माझ्याच बोटाच्या मुळाशी दोरा गुंडाळला, पट्टीवर धरला आणि अठ्ठावन्न मिलिमीटर कळवलं. अंगठी बोटात गेली पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

लगेच काकांचा फोन.

"बाळ, दोरा एका हाताचा आणि फोटो दुसऱ्या हाताचा दिसतोय."

मी दोरा पुन्हा पट्टीवर धरून पाहिला.

"फोटोतलं बोट नाण्याच्या निम्म्याहून जेमतेम जास्त आहे. तुझ्या दोऱ्याप्रमाणे ते दोनतृतीयांश भरायला हवं. त्या हाताला रुंद पट्टा आणि मोठं गोल फूल शोभेल. तुझ्या बोटावर तेच झाकण बसवल्यासारखं दिसेल. हात सपाट टेबलावर ठेव, बोटं जरा सुटी, फोन बरोबर वरून धर. तिरका धरलास तर बोटं खोटीच लांब दिसतात. आणि पेरावरून दोरा घे."

मी माझ्या हाताचा फोटो आणि पेरावरचं माप पाठवलं. काकांनी बारीक कडी आणि बोटाच्या लांबीत बसणारा लंबगोल खडा सुचवला. त्यानं बोट लांब दिसतं, म्हणाले. माप पेरावरून उतरेल इतकं मोठं घेतलं आणि मुळाशी फिरू नये म्हणून कडीच्या आत सोन्याचे दोन बारीक मणी बसवले.

सासूबाईंना काय सांगायचं, हे कोडं मात्र उरलंच. साखरपुड्याच्या सकाळी धीर करून म्हणाले, "आई, पहिला फोटो माझा नव्हता."

"ठाऊक आहे. बघायला आले तेव्हा चहाचा कप तुझ्याच हातून घेतला होता ना?"

"मग बोलला का नाहीत?"

"तोंडावर कशाला पाडायचं? सोनारांना म्हटलं, फोटोवर जाऊ नका, दोरा मागवा. पुढचं तुझं तू सांगशील, वाटलं होतं."

दुपारी अंगठी पेरापाशी क्षणभर अडली, मग सरकली आणि नीट बसली. फोटोवाला म्हणाला, "ताई, हात पुढे धरा." मी धरला.

बोटाच्या मापाचा तो दोरा काकांनी मागितलाच नसता, तर आजही मी हात पदराआड ठेवला असता. आता भांडी घासायच्या आधी अंगठी काढते, आणि परत घालताना काकांची आणि सासूबाईंची आठवण रोज येते.