अभिमन मिस्त्री आणि ओट्याखालची नळी

अभिमनचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं. जळगावात त्याच्यासारखा नळकाम करणारा नाही, हे मीच गावभर सांगत फिरायचो. पण हा माणूस तोंड म्हणून उघडायचा नाही! कुणी बोल लावला की मान खाली घालून एकच वाक्य, "मनी चूक शे." अरे बाबा, चूक तुझी नसली तरी?

माझं पाइप-नळांचं दुकान. अभिमन शिंदखेड्याकडचा, अहिराणी बोलणारा. आधी कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा, तिथे बॉयलरचे पाइप बघत बघत हा धंदा शिकला. सकाळी माझ्या पायरीवर येऊन बसायचा, मी कामं द्यायचो. माझ्यावर चिडायचं नाही, आणि माझं चिडणं मनावर घ्यायचं नाही, एवढे दोन गुण देवाने त्याला भरभरून दिले होते.

शहाण्णव साली पारसमल शेठच्या घरी भांडी धुवायचं मशीन आलं. धाकटा मुलगा हिऱ्यांच्या धंद्यात परदेशी असायचा, त्याने आईसाठी पाठवलं. मशीन बसवणारा माणूस मुंबईहून येईना. शेठ मला म्हणाले, "गिरधरभाऊ, तुमचा तो मुका मिस्त्री पाठवा. नीट बसवलं तर माझ्या नव्या बिल्डिंगचं सगळं नळकाम त्यालाच." बारा ब्लॉकची बिल्डिंग! वर्षभराची भाकरी झाली म्हणा. घरोघर सायकल मारायची गरज नाही.

मशीनसोबत आलेलं पुस्तक परदेशी भाषेतलं. अभिमनने नुसती चित्रं बघितली. साधा हिशोब होता. गच्चीच्या टाकीकडून येणाऱ्या पाइपाला वेगळा कॉक लावून तिथून स्वच्छ पाण्याची नळी मशीनला जोडायची, चकतीत रबरी वायसर नीट बसवून हातानेच आवळायची. घाण पाण्याची दुसरी नळी मशीनच्या मागून निघते. ती आधी ओट्याच्या फरशीला टेकेल इतकी उंच चढवायची, तिथे हुकात अडकवायची, आणि मग खाली आणून सिंकच्या सांडपाण्याच्या पाइपाला जोडायची.

शेठच्या पत्नी सज्जनबाई, सत्तरीच्या, साखरेच्या दुखण्याच्या. घरात पाणी गाळल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही, प्रत्येक नळाला कापडाचं गरणं बांधलेलं. त्या म्हणाल्या, "मशीनलाही गाळलेलं पाणी पाहिजे." आणि त्यांनी वायसरखाली कापडाचा तुकडा घातलासुद्धा! झालं, जोडातून पाणी टपटपायला लागलं. अभिमनने कापड काढलं आणि नळीच्या तोंडात बसवलेली बारीक जाळी त्यांना दाखवली. "आक्का, यानं गरणं आतच शे." त्या खूश झाल्या. म्हातारीचं आणि त्याचं तेव्हापासून जमलं. तो कामाला गेला की त्या स्वतःच्या हाताने त्याला पाणी द्यायच्या.

चार दिवसांनी शेठचा फोन. मशीन उघडलं तर आत खाली तेलकट, आंबूस पाणी साचलेलं. अभिमन गेला, तासाभराने परत आला. म्हणाला, "नळी हुकातून सुटेल व्हती." मी म्हटलं, "कशी सुटली?" तर म्हणे, "मनी चूक शे."

चार दिवसांनी पुन्हा तेच. आता मी ताडताड बोललो, "साधा हुक धड बसवता येत नाही का रे तुला? गल्लीत माझं नाव घालवतोस!" तो नुसता विडी विझवून उठला आणि गेला.

तिसऱ्या वेळी शेठ स्वतः दुकानात आले. "गिरधरभाऊ, उष्ट्या पाण्याचं मशीन आमच्या घरात चालणार नाही. बिल्डिंगचं काम मी भुसावळच्या माणसाला देतो." अभिमन पायरीवर बसलेला. हूं नाही की चूं नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "शेठ, एक तास द्या. मी येतो तुमच्यासोबत. आज सोक्षमोक्षच लावू."

अभिमनला घेऊन शेठच्या स्वयंपाकघरात गेलो, ओट्याखाली वाकलो, तर नळी जमिनीवर पसरलेली आणि वरचा हुक जागच्या जागी, पक्का. ओढून बघितला, हलेना. मशीन रिकामं करून पुसून घेतलं. मग सिंकच्या पाइपाचं खालचं तोंड अडवलं आणि डाळ धुतल्यासारखं गढूळ पाणी सिंकमध्ये सोडलं. थोड्या वेळात ते पाणी जमिनीवरच्या नळीतून उलटं मशीनच्या तळाला येऊन बसलं. "बघा शेठ. गल्लीतली गटार तुंबली, सिंकचं पाणी हळू उतरायला लागलं, की हेच होतं. पाण्याला खाली वाट मिळाली की ते जातं." मग मशीन पुन्हा पुसलं, नळी वर अडकवली, आणि तेवढंच पाणी सोडलं. नळीचा बाक सिंकच्या तळापेक्षा बराच वर. पाणी त्या बाकापर्यंत चढलंच नाही. मशीन कोरडं ठणठणीत.

"म्हणजे हुक शाबूत आहे, नळी शाबूत आहे," मी मोठ्याने म्हटलं, "मग ती खाली काढतंय कोण?"

अभिमनने मागून माझी बाही ओढली. "जाऊ द्या ना भाऊ."

"काय जाऊ द्या? वर्षाचं काम जातंय तुझं! भांडीवाल्या लताबाईला बोलवा, तिला विचारतो!"

लताबाई दारातच उभी होती. तिने सज्जनबाईंकडे बघितलं. सज्जनबाई पुढे आल्या. "तिला कशाला विचारता? मी काढते. हा अडकवून गेला की रात्री. ओट्यावर इथेच आमचा परेंडा आहे, पिण्याच्या पाण्याचे माठ. उष्ट्याची नळी त्याला खालून टेकलेली कशी चालेल? खाली असली तर बरी, म्हणून काढते."

खरंच, हुकाच्या बरोबर वर माठ मांडलेले होते. माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं. मी विजयी वीरासारखं शेठकडे बघितलं. शेठ ओशाळून म्हणाले, "अभिमन, बिल्डिंग तुझीच."

सज्जनबाई मात्र मशीन पुसलेल्या त्या गढूळ पाण्याच्या फडक्याकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस मी या पाण्यातली ताटं घरादाराला वाढली? माझ्या हाताने?" त्यांनी हात जोडले आणि तिथल्या तिथे तेला धरला. तेला म्हणजे जैनांचा लागोपाठ तीन दिवसांचा उपास, फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसाउजेडीच. शेठ म्हणाले, "अगं, साखर आहे तुला!" पण त्या देवघराकडे निघूनही गेल्या.

जिना उतरताना मी अभिमनवर खेकसलो, "पहिल्यांदाच सांगायला काय झालं होतं तुला?"

तो पायरीवर बसला. पिशवीतून नवी, लांब नळी काढली. सकाळी माझ्याच दुकानातून घेतलेली, कशाला ते मी विचारलंही नव्हतं. म्हणाला, "माले दुसऱ्याच खेपले समजनं व्हतं. नळी कोणी हातानी काढेल शे, ते दिसस ना. मी आज ही नळी पलीकडल्या भिंतवरतीन उंच नेणार व्हतो. माठपाईन लांब. आक्का झोपेल राहती तवसामा काम उरकी जातं. कोणले काहीच समजनं नसतं."

"आणि बिल्डिंग गेली असती तर?"

"दुसरं काम भेटतं, भाऊ."

आणि तो नळी घेऊन परत वर गेला. पलीकडच्या भिंतीवरून बाक काढून, पक्कं काम करूनच खाली आला.

दुसऱ्या दिवशी म्हातारी मोरीत चक्कर येऊन पडली. डॉक्टर आले, तरी सज्जनबाईंनी उपास सोडला नाही. तिन्ही दिवस अभिमन संध्याकाळी शेठच्या जिन्यात जाऊन बसायचा, लताबाई बाहेर आली की विचारायचा, "आक्का कशी शे?" आणि घरी जायचा. मी खरं बोललो होतो, त्याचं कामही वाचवलं होतं. पण तो जिना चढायला मला तोंड नव्हतं.