ताईला आत जायला जागा नव्हती

गोष्टीचं नाटक करायचं म्हणजे काय, कंस घालायचे, नावांपुढे दोन टिंबं द्यायची, झालं. असा माझा समज होता. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला दोन टिंबांची काय भीती वाटणार?

निमित्त आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाचं. बऱ्हाणपुरात मराठी नाटक बघायला दीडशे माणसं जमली तरी आम्ही सभागृह भरलं असं म्हणतो. दर वर्षी कुठून तरी छापील एकांकिका आणायची आणि अर्ध्या नटांनी तिच्यात हिंदी मिसळायचं, अशी परंपरा. यंदा कुणीतरी म्हणालं, आपल्याच गावातलं काहीतरी करू, सरांची ती गोष्ट आहे ना.

ती गोष्ट म्हणजे मी आयुष्यात लिहिलेली एकमेव गोष्ट. तरुणपणी एका दिवाळी अंकात छापून आली होती आणि तिच्या जिवावर मी गावात लेखक म्हणून मिरवत होतो. गोष्ट माझीच. आठवीनंतर आमच्या धूलकोटला पुढची शाळा नव्हती, आई नव्हती, आणि एका संध्याकाळी वडिलांनी मला समोर बसवून सांगितलं की जूनमध्ये तुला बऱ्हाणपूरला शिकायला पाठवतोय. एवढंच. पुढे बस, तापीचा पूल, खोली, पहिल्या रात्रीचं रडणं. वाचणारे म्हणायचे, वडील काय उभे केलेत. मीही मान डोलवायचो.

दिग्दर्शनाला मंडळाने जिला नेमलं ती कॉलेजात शिकवणारी, एकेकाळची माझी विद्यार्थिनी. नववीत मी तिला गणितात काठावर पास केलं होतं. ते तिच्या लक्षात होतं, हे मला पहिल्याच बैठकीत कळलं.

मी आठवडाभर खपून बावीस पानं लिहून नेली होती. सात प्रवेश. शेत, शाळा, घर, बसथांबा, पूल, खोली आणि परत घर. तिने पानं चाळली आणि लाल पेन काढलं. शिक्षकाच्या हातात लाल पेन असतं तेव्हा समोरच्याचं काय होतं, हे मला त्या दिवशी समजलं. पूल ती कुठून आणणार, असं तिने विचारलं. इतवाऱ्यातल्या आमच्या सभागृहाचा मंच अठरा फुटांचा. दिवे चार, त्यातला एक मनात येईल तेव्हा लागणारा. प्रत्येक प्रवेशाला अंधार करून सामान हलवायचं तर लोक नाटकापेक्षा अंधारच जास्त बघतील. मग सातांचा एक प्रवेश झाला. स्थळ, धूलकोटच्या घरातली एकच खोली. वेळ, मे महिन्यातली संध्याकाळ. पूल आणि बस गेली, रडणंही गेलं.

मग ती माझ्या कंसांकडे वळली. एका कंसात मी लिहिलं होतं, "वडिलांच्या मनात आईच्या आठवणींनी गर्दी केली आहे." तिने त्याच्याभोवती गोल काढला.

"सर, हे मी दाखवू कसं? गर्दी कुठून एंट्री घेणार?"

तिचा नियम साधा होता. लोकांना दिसेल किंवा ऐकू येईल तेवढंच कंसात लिहायचं. वाटलं, आठवलं, जाणवलं हे गोष्टीत चालतं, इथे नाही. वडिलांना आई आठवते तर ते काहीतरी करतील, खुंटीवरची पिशवी काढतील, परत अडकवतील. ते लिहा. डावं-उजवंही मी चुकवलं होतं. मी प्रेक्षकांत बसून डावीकडे म्हटलेलं, पण मंचावर नटाची डावी बाजू धरतात. माझ्या हिशोबाने वडील खोलीत येताना भिंतीवर आपटले असते.

हे सगळं मी निमूट सोसलं. गाडं अडलं ते शेवटी.

माझ्या छापील गोष्टीत ताईबद्दल एकच वाक्य होतं. वडील मला सांगत असताना "आत ताई भाकरी थापत होती." ताई म्हणजे माझी मोठी बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, तेव्हा पंधराची. तेच वाक्य मी कंसात उतरवलं होतं. दिग्दर्शिकेने विचारलं, आत म्हणजे कुठे?

प्रश्न खराच होता. आमच्या मंचाला विंग एकच, उजवीकडची. डावीकडे विजेचं मीटर आहे आणि त्याला कोणी हात लावू नये म्हणून भिंत. उजव्या विंगेतून वडील शेतावरून येणार, मी बाहेरून खेळून येणार. ते रस्त्याचं दार. ताईला आत जायला जागाच नव्हती. म्हणजे चूल मंचावर डाव्या कोपऱ्यात मांडायची आणि ताईने पहिल्यापासून शेवटपर्यंत लोकांसमोर बसायचं.

"पस्तीस मिनिटं ही मुलगी स्टेजवर आहे सर," ती म्हणाली. "तिच्याच घरात तिच्याच भावाचं ठरतंय. ती काय करते? आणि बोलत का नाही?"

गोष्टीत अर्ध्या ओळीत आवरलेलं माणूस मंचावर आवरत नाही. मी म्हटलं, उद्या वाक्य आणतो.

वाक्य मला लगेच सुचलं, आणि लगेच सुचतं त्यावर विश्वास ठेवू नये हे मी मुलांना गणितात सांगत आलो होतो. मी लिहिलं:

ताई : जा भाऊ, तू शीक. घर मी सांभाळते.

वाचून मलाच भरून आलं. टाळ्यांचं वाक्य. म्हटलं, ताईला आधी दाखवावं, तिलाही बरं वाटेल. ताई लोधीपुऱ्यात राहते. भावजींना जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा-सून आहेत. ती वर्तमानपत्र पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत वाचते आणि नातवाचं इंग्रजीचं पुस्तकही लपून वाचते, हे मला सुनेने सांगितलेलं.

तिने चष्मा लावला. पहिल्या पानावर पात्रं होती. वडील, मुलगा, शेजारी, ताई. "मी चवथी," ती म्हणाली. मग वाचत गेली आणि शेवटच्या पानावर थांबली. मी कौतुकाची वाट बघत होतो.

"हे मी म्हटलं नव्हतं," ती म्हणाली.

मी म्हटलं, नाटकात थोडं असं करावं लागतं.

"कर नं. बाकी तुले करायचं ते कर. पण हे काढून टाक. माझ्या तोंडी खोटं नको घालू."

मग तू काय म्हणाली होतीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, काहीच नाही. मग काय केलं होतंस?

"मले काय इचारतो? तू होता नं तिथं."

आणि चहा टाकायला उठली. मी चिडलोच. सदुसष्टाव्या वर्षी बाईने एक वाक्य द्यायला एवढी खळखळ करावी? घरी येईपर्यंत मी मनात तिच्याशी भांडत होतो. वर त्या दिग्दर्शिकेचा फोन, ताईचं काम करणाऱ्या मुलीला भाकरी थापता येत नाही, परात वाजवून नाच बसवल्यासारखं दिसतं. मी त्या मुलीला ताईकडे धाडलं. तीन दुपारी ताईने तिला ज्वारीचं पीठ मळायला आणि थापायला शिकवलं. मात्र नाटकाबद्दल दोघी अवाक्षर बोलल्या नाहीत, असं ती मुलगी सांगत होती.

इकडे माझं शेवटचं पान कोरं. मी पुन्हा नियमाला धरून बसलो. दिसेल किंवा ऐकू येईल तेवढंच. वाटणं नाही, म्हणणं नाही. त्या खोलीत मला काय दिसत होतं? वडिलांचे मातीने भरलेले पाय. कंदील अजून लावला नव्हता. आतल्या दारातून ताईची पाठ. आणि ऐकू काय येत होतं? भाकरीची थापथाप. मी लिहीत गेलो. वडील म्हणतात, मास्तरांशी बोललोय. थापथाप. वडील म्हणतात, आपल्या घरातून एक जण शहरात शिकायला जाणार. आणि माझा हात कंसात आपोआप पुढे गेला.

(थापण्याचा आवाज थांबतो.)

मी पेन ठेवलं. हे मी रचलं नव्हतं. तो आवाज खरंच थांबला होता. ताई दोन वर्षांपूर्वी आठवी झालेली, वर्गात पहिली, आणि तिच्या पुढच्या शाळेचं विचारलं की वडील म्हणायचे, पाहू. एक जण म्हटल्यावर तिने हात थांबवला होता. मग वडिलांनी माझं नाव घेतलं. थोड्या वेळाने थापथाप पुन्हा सुरू झाली. मला तेव्हाही ऐकू आलं होतं. गोष्ट लिहितानाही आठवत होतं. आणि मी लिहिलं होतं, आत ताई भाकरी थापत होती. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

दिग्दर्शिकेने नवं पान वाचलं. लाल पेन काढलंच नाही. फक्त विचारलं, किती वेळ थांबतो? मी म्हटलं, वडील नाव घेईपर्यंत, आणि त्यानंतर चार श्वास. तिने समासात चार लिहिलं. पात्रांच्या यादीत मी ताईला पहिलं आणलं. गणिताच्या मास्तराला क्रम लावायला एवढा उशीर झाला.

प्रयोगाच्या संध्याकाळी मनमौजी दिवा लागला, शेजाऱ्याने दोन वाक्यं हिंदीत म्हटली, लोक हसले, सगळं परंपरेप्रमाणे झालं. ताई दुसऱ्या रांगेत माझ्याशेजारी होती. मुलीचा हात चांगला बसलाय, पाणी जरा कमी घेते, असं तिने मला दोनदा सांगितलं. मग वडील म्हणाले, आपल्या घरातून एक जण. आवाज थांबला. सभागृहात फक्त पंखा ऐकू येत होता. वडिलांनी मुलाचं नाव घेतलं. एक, दोन, तीन, चार. थापथाप पुन्हा सुरू झाली.

पडदा पडला, टाळ्या झाल्या, माणसं उठून सामोसे आहेत का ते बघायला गेली. ताई बसूनच होती. पदराने चष्मा पुसत होती.

"म्हंजे तुले ऐकू आलं होतं," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

तिने चष्मा लावला आणि रिकाम्या मंचावरच्या पराती­कडे बघत राहिली.

"मले इतकी वर्षं वाटलं," ती म्हणाली, "कोणालेच ऐकू नाही गेलं."