पोलादी पट्ट्या

पुलगावला स्टेशनापासून जवळच, टिनाच्या छताखाली, आमचं शिवणाचं दुकान होतं. माझे यजमान कापायचे आणि मशीन चालवायचे. हातशिलाई, काजं, हुकाचे आकडे आणि बायकांची मापं माझ्याकडे. तिथल्या साहेबलोकांच्या घरचे फ्रॉक आमच्याकडे येत असल्यामुळे विलायती कपड्याची आम्हांला थोडीफार सवय होती. तरी लग्नाचा गाऊन आम्ही एकदाच शिवला. एकोणीसशे पन्नास ते साठमधली ती शेवटची वर्षं असावीत.

गाऊन एका नर्सबाईंचा होता. त्या मिशनच्या दवाखान्यात वाढलेल्या, मराठी ख्रिस्ती, आईबाप नसलेल्या. वय चाळिशीकडे झुकलेलं. मालगाडीवरच्या एका विधुर गार्डाशी त्यांचं लग्न ठरलं होतं. ज्या म्हाताऱ्या मडमबाईंनी त्यांना वाढवलं, त्या कायमच्या मायदेशी निघाल्या होत्या. जाण्याआधी त्यांनी नर्सबाईंना पांढरं साटीन दिलं, गाऊनचं एक चित्र दिलं आणि मायदेशातल्या आपल्या बहिणीकडून मागवलेलं प्लास्टिकच्या पट्टीचं एक गुंडाळं दिलं. अशा गाऊनची चोळी अंगावर ताठ राहावी म्हणून अस्तराच्या शिवणींवर फितीच्या अरुंद नळ्या शिवतात आणि त्यांत या पट्ट्या घालतात.

प्लास्टिक हातात घेतलं तेव्हा मला ते फार आवडलं. हलकं, साध्या कात्रीनं कापलं जाणारं, गंजायची भीती नाही. गुंडाळ्यामुळे त्याला बाक आला होता. ओल्या फडक्यावरून कोमट इस्त्री फिरवून मी तो काढला. टोकं मेणबत्तीवर जराशी धरून गोल केली, म्हणजे टोचू नयेत. यजमान बघत होते. इस्त्रीनं सरळ होतं ते अंगाच्या गरमीनं वाकडंही होईल, एवढंच ते म्हणाले आणि पुन्हा मशीनवर बसले.

एप्रिलमधल्या एका दुपारी बाई कच्ची चोळी अंगावर घालून बघायला आल्या. टीन तापलं होतं. पडद्याआड मी आकडे लावले. चोळी आरशात सुरेख दिसली. मग यजमानांच्या सांगण्यावरून त्यांना स्टुलावर बसवलं. उभ्यानं अंगावर नीट बसतं ते माणूस खाली बसल्यावर तसंच राहील असं नाही, म्हणून त्यांची ही जुनी सवय होती. आम्ही चहा घेतला, मडमबाईंच्या बांधाबांधीच्या गोष्टी निघाल्या. बाई उठल्या, तर चोळी कमरेत दुमडलेली. पट्ट्यांनी बसल्या अंगाचा बाक घेतला होता आणि तो सोडायला त्या तयार नव्हत्या. पाठीवर, आकड्यांच्या दोन्ही बाजूंना, साटीन चुरगळून गोळा झालं होतं.

बाई आधी हसल्या. मग हात मागे नेऊन चुण्या सरळ करू लागल्या.

यजमानांनी पडद्याबाहेरून विचारलं आणि मी काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, पोलादी पट्टी लागेल. पोलाद वाकतं आणि उठलं की परत सरळ होतं.

"पोलाद नको, मास्तर," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता.

चोळी उतरवताना त्यांनी मला कारण सांगितलं. एका जाड रोग्याला उचलताना त्यांच्या पाठीत काहीतरी सरकलं होतं. पुढे बराच काळ त्यांना पोलादी पट्ट्यांचा कमरपट्टा बांधून काम करावं लागलं. खाटेवर वाकलं की पट्टा खाटेच्या दांडीला लागायचा आणि मुलांच्या वॉर्डातली पोरं तो आवाज ऐकूनच ओळखायची की सिस्टर आल्या. "मले कोणी वाईट बोललं नाई," त्या म्हणाल्या. "पण वहिनी, एक दिवस तरी मले त्या लोखंडाशिवाय सुंदर दिसायचं होतं."

मी त्यांचे केस नीट केले आणि मडमबाईंच्या पट्ट्या पुन्हा सरळ करून बघते, असं सांगितलं.

यजमानांनी दुसरा उपाय काढला. न ताणणारी जाड फीत घेऊन तिचा पट्टा चोळीच्या आतून, बरोबर कमरेवर, शिवणींना ठिकठिकाणी चार टाके घालून अडकवला. फीत चोळीच्या कमरेपेक्षा थोडी आखूड ठेवली. आधी ती एकटी आकड्यानं बांधायची आणि मग वरची चोळी बंद करायची. म्हणजे ताण आणि घागऱ्याचं वजन फितीवर येतं, साटीनवर येत नाही. पुढच्या वेळी बाई बसल्या-उठल्या तेव्हा पुढचा भाग झकास राहिला, चोळी वर सरकली नाही. पण पाठीवरच्या आणि कुशीतल्या चुण्या होत्याच. फीत चोळी धरून ठेवते, कापड ताठ ठेवायचं काम तिचं नाही.

त्या दिवशी बाई काही न ठरवता गेल्या. दोन-चार दिवसांनी सकाळीच आल्या. पिशवीतून त्यांनी तोच जुना कमरपट्टा काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"उसवा हा," त्या म्हणाल्या. "लोखंडच पाह्यजे, तर माह्या ओळखीचं तरी राहू द्या."

आम्ही दोघींनी मिळून तो उसवला. घामानं कापड पिवळं पडलं होतं. पट्ट्या आतून निघाल्या त्या सपाट, पातळ, लवचीक. एक-दोन ठिकाणी गंज होता. बाईंनी एक हातात वाकवून सोडली, ती टणकन सरळ झाली, आणि त्यांना नकळत हसू आलं.

यजमानांनी पट्ट्या सायकलवाल्याकडे नेऊन धारेच्या साणेवर, पोलाद तापू नये म्हणून पाणी मारत मारत, कापून आणल्या, बसल्यावर मांडीला लागणार नाहीत एवढ्या आखूड. गंज घासून पांढरा रंग दिला. टोकं गोल करून त्यांवर दवाखान्याची चिकटपट्टी बाईंनी स्वतः गुंडाळली, जखमेवर लावावी तशी हलक्या हातानं. पोलाद फक्त पाठीत आकड्यांच्या दोन्ही बाजूंना आणि दोन्ही कुशींत घातलं. पुढे छातीखाली, जिथे अंग वाकत नाही, तिथल्या छोट्या नळ्यांत मडमबाईंचं प्लास्टिकच ठेवलं.

काम संपत आलं असताना गार्डसाहेब बाईंना न्यायला आले. उंच, थोडे वाकलेले, बोलायला संकोची गृहस्थ. बाईंनीच त्यांना सांगितलं की आत पोलाद आहे, जुन्या पट्ट्याचं. ते यजमानांकडे वळले.

"टोचणार तर नाई ना तिले?"

"नाई," यजमान म्हणाले. "नळीत दोन्ही टोकांशी जागा सोडली हाय. तरी टोचलं तर सांगजा, मी दुरुस्त करून देईन."

गार्डसाहेबांनी मान हलवली. बाई खिडकीकडे बघत होत्या. त्यांचे डोळे भरले होते.

लग्न मे महिन्यात, उन्हं चढायच्या आत, मिशनच्या छोट्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, लागलं. म्हाताऱ्या मडमबाई पहिल्या बाकावर होत्या. प्रार्थनेला बाई कितीदा तरी बसल्या आणि उठल्या. मी त्यांच्या पाठीकडेच बघत होते. साटीनवर एक सुरकुती नव्हती.

जेवणानंतर त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. मी आधी चोळीचे आकडे काढले, मग फितीचा. कमरेवर फितीचा लाल वळ उठला होता, पण पाठीवर कुठेही टोचल्याची खूण नव्हती. वळावर मी खोबरेल लावलं. बाईंनी साधी साडी नेसली, खाटेवर बसल्या, आणि बसल्या बसल्याच त्यांना झोप लागली. मी उशी सारली आणि थोडा वेळ वारा घातला.

बाहेर यजमान निंबाखाली थांबले होते. त्यांनी विचारलं, कसं राहिलं. सुरेख राहिलं, मी म्हटलं. मग घराकडे चालताना, रस्त्यावर माणसं असूनही, त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि एरवी पुढे चालणारे ते माझ्या चालीनं चालू लागले.